मॉनिटर कॅमेऱ्यात टिपताना: पट्टे, मोआरे आणि प्रतिबिंबं टाळण्याची रीत

संगणकासमोर बसून काही शिकवायचं आहे आणि बोलणारा माणूस व मॉनिटर दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवे आहेत, अशांसाठी हा लेख आहे. नुसता स्क्रीनवरचा मजकूर दाखवायचा असेल तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर वापरा. त्यात पट्टे नाहीत, मोआरे म्हणजे स्क्रीनवर उठणारी लाटांसारखी नक्षी नाही, प्रतिबिंबंही नाहीत. खरी अडचण माणूस, टेबल आणि चालू स्क्रीन एकत्र टिपायची असते तेव्हाच येते.

या विषयावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे "शटर १/६० ठेवा", म्हणजे दर फ्रेमला सेन्सरवर १/६० सेकंद उजेड पडू द्या. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पट्टे कुठून येतात हे आधी पाहिलं नाही तर १/६० ठेवूनही ते येतात, आणि मोआरेचा तर शटरशी काही संबंधच नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. आधी स्क्रीन, मग दिवे, मग शटर, मग फोकस आणि शेवटी प्रतिबिंबं. क्रम उलटा केला तर एक गोष्ट सुधारताना आधीची बिघडते.

काय लागेल

- शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हाताने ठरवता येणारा कॅमेरा. फोन असेल तर हे सगळं हातात देणारं अ‍ॅप लागेल. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप मोफत आहे.
- ट्रायपॉड
- मोजपट्टी किंवा टेप
- काळं, न चकाकणारं मोठं कापड आणि एक-दोन काळे पुठ्ठे
- चेहऱ्यासाठी एक दिवा, शक्यतो बॅटरीवर चालणारा एलईडी
- मॉनिटरच्या मेनूची थोडी ओळख: ब्राइटनेस, कलर टेम्परेचर, आणि हलत्या चित्रासाठी असलेल्या 'सुधारणा' कुठे आहेत

१. आधी स्क्रीनची परीक्षा घ्या

खोलीतले दिवे बंद करा. मॉनिटरवर पूर्ण पांढरं पान उघडा. कॅमेऱ्याचं शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान करा आणि दहा-बारा सेकंदांचं चित्रण करा. हेच मॉनिटरचा ब्राइटनेस १००, ६० आणि ३० टक्के ठेवून तीनदा करा.

आता तिन्ही तुकडे पाहा. बऱ्याच मॉनिटरवर १०० टक्क्यांना चित्र स्वच्छ दिसेल आणि ३० टक्क्यांना आडवे काळपट पट्टे दिसतील. कारण असं. एलसीडी मॉनिटरमध्ये चित्र बनवणारा थर वेगळा आणि त्यामागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, वेगळा. चित्राचा थर पुढची फ्रेम येईपर्यंत आहे तसाच राहतो, तो विझत नाही. पण ब्राइटनेस कमी करण्यासाठी काही मॉनिटर बॅकलाइट मंद करत नाहीत, तर तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला त्याची सरासरी दिसते. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो आणि काहींच्या वाट्याला अंधार. तेच पट्टे.

यातून तीन निष्कर्ष निघतात. कुठल्याच ब्राइटनेसला पट्टे दिसले नाहीत, तर तुमचा बॅकलाइट सलग जळतो आणि स्थिर चित्रासाठी शटर कितीही ठेवलं तरी फ्लिकर येणार नाही. पट्टे फक्त कमी ब्राइटनेसला दिसले, तर चित्रण १०० टक्क्यांवरच करायचं, विषय संपला. १०० टक्क्यांनाही दिसले, तर पट्ट्यांची जाडी पाहा. पुष्कळ बारीक पट्टे म्हणजे चालू-बंद होण्याचा वेग मोठा आहे आणि शटर मंद केलं की ते पुसले जातील. मोजके रुंद पट्टे म्हणजे वेग कमी, तिथे शटर जुळवावंच लागेल.

ओएलईडी पडद्याची गोष्ट निराळी आहे. त्याला बॅकलाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, आणि दर नव्या फ्रेमला त्याचा उजेड क्षणभर खाली येऊ शकतो. त्यामुळे तिथे पूर्ण ब्राइटनेसलाही पट्टा दिसू शकतो. अशा पडद्यासाठी तिसरी पायरी टाळता येणार नाही.

याच वेळी मॉनिटरच्या किंवा टीव्हीच्या मेनूत जाऊन हलत्या चित्राच्या 'सुधारणा' बंद करा. दोन फ्रेमच्या मध्ये काळी फ्रेम घालणं, बॅकलाइट मुद्दाम लुकलुकवणं, आपोआप ब्राइटनेस बदलणं, आणि गेमसाठी असलेला बदलता रिफ्रेश रेट, हे सगळं बंद. टीव्हीवर पट्टे येतात तेव्हा यातलंच काहीतरी चालू राहिलेलं असण्याची शक्यता मोठी असते, आणि लोक मात्र शटरशी झटापट करत बसतात.

२. मॉनिटर आणि दिवे एकाच तालावर आणा

इथे बहुतेकांची गाडी अडते. मॉनिटर सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो, म्हणजे ६० हर्ट्झ. पण ज्या भागात विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे तिथे विजेवर थेट चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. आता शटर १/६० ठेवलं तर मॉनिटर खूश, पण भिंतीवर आणि चेहऱ्यावर दिव्यांचे हलके पट्टे सरकू लागतात. १/५० ठेवलं तर उलट. दोघांनाही पूर्णांकात चालेल असा वेळ म्हणजे १/२० सेकंद, पण सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात तेवढं मंद शटर ठेवताच येत नाही.

सोपी वाट अशी की मॉनिटरलाच ५० हर्ट्झवर आणायचं. एचडीएमआयने जोडलेल्या बऱ्याच मॉनिटरना आणि टीव्हींना ते जमतं. विंडोजमध्ये Settings → System → Display → Advanced display इथे Choose a refresh rate दिसेल. मॅकवर System Settings → Displays मध्ये Refresh rate असतो. लिनक्सवर, एक्स११ वापरत असाल तर, आधी नुसतं `xrandr` चालवून जोडणीचं नाव आणि उपलब्ध रेट पाहा, मग:

```
xrandr --output HDMI-1 --mode 1920x1080 --rate 50
```

HDMI-1 च्या जागी तुमच्या यादीतलं नाव टाका. मॉनिटरला हा रेट चालला नाही तर पडदा काळा होईल किंवा तसा संदेश येईल. घाबरू नका. विंडोजमध्ये काही न दाबता थांबलात तर काही सेकंदांत जुनी सेटिंग परत येते.

मॉनिटर ५०, दिवे १००, कॅमेरा २५ फ्रेम आणि शटर १/५० झालं की सगळे आकडे एकमेकांत बसतात. एका शटरच्या वेळात पडद्याचं बरोबर एक आवर्तन आणि दिव्याची दोन.

लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र ५०चा पर्याय सहसा मिळत नाही. तिथे उलट करा. पडदा ६०वरच राहू द्या (१२० हर्ट्झचा किंवा आपोआप बदलणारा असेल तर ६०वर पक्का करा), कॅमेरा ३० फ्रेम, शटर १/६०, आणि विजेवर थेट चालणारे दिवे बंद करून खिडकीचा उजेड किंवा बॅटरीचा एलईडी वापरा. बॅटरीचा दिवाही मंद केल्यावर लुकलुकू शकतो, म्हणून तो पूर्ण जोरावर ठेवा आणि उजेड कमी हवा असेल तर दिवा लांब न्या. त्याचीही परीक्षा तीच: पांढरी भिंत, १/१००० शटर.

विजेचा पुरवठाच ६० हर्ट्झचा असेल तिथे ही कसरत लागत नाही. दिवे १२० वेळा उजळतात, मॉनिटर ६०, म्हणून ३० फ्रेम आणि १/६०.

३. शटर लावा आणि ते हलू देऊ नका

फोनचा सगळ्यात मोठा सापळा म्हणजे आपोआप ठरणारं शटर. पांढरा उजळ पडदा समोर आला की फोन गुपचूप १/५०० किंवा त्याहून पुढे जातो आणि पहिल्या पायरीत दिसलेले सगळे पट्टे परत येतात. म्हणून शटर कुलूपबंद करायचं आणि उजेड आयएसओ, अ‍ॅपर्चर किंवा लेन्ससमोर लावायच्या काळसर एनडी फिल्टरने सांभाळायचा.

पूर्ण ब्राइटनेसला साधारण २५० निट उजेड देणारा मॉनिटर असेल, तर १/५०, एफ/२.८ आणि आयएसओ १०० या आकड्यांवर त्याचा पांढरा रंग फुटण्याच्या जरासा अलीकडे येतो. फोनच्या एफ/१.८ लेन्सला तेच आयएसओ ५०च्या आसपास मिळतं. इथून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम पाहून थोडं पुढे-मागे करा.

मग लगेच पुढची तक्रार येते: स्क्रीन छान दिसते, पण माणूस अंधारात. इथे हात आपोआप मॉनिटरच्या ब्राइटनेसकडे जातो. तो जाऊ देऊ नका, कारण ब्राइटनेस कमी केला की चालू-बंद होणारा बॅकलाइट परत जागा होतो. त्याऐवजी दोन गोष्टी करा. चेहऱ्यावरचा उजेड वाढवा. वरच्या आकड्यांना चेहरा नीट दिसायला ५००-६०० लक्सच्या आसपास उजेड लागतो आणि घरातला छताचा दिवा सहसा त्याच्या बराच खाली असतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रीनवरचं पांढरंच कमी पांढरं करा. पानाची पार्श्वभूमी शुद्ध पांढऱ्याऐवजी १८०, १८०, १८० अशा करड्या रंगाची ठेवली तर उजेड निम्म्याहून थोडा कमी उरतो, म्हणजे एका स्टॉपहून किंचित जास्त उतरतो, आणि बॅकलाइटला हातही लागत नाही. कॅमेऱ्यात तो करडा रंग पांढराच वाटतो.

व्हाइट बॅलन्सही पक्का करा. मॉनिटर साधारण ६५०० केल्विनचा असतो. दिवा ५६००चा असेल तर फरक चालून जातो. पण ३२००च्या पिवळ्या दिव्याखाली चेहरा नीट केलात की स्क्रीन निळीभोर दिसते. अशा वेळी दिवा बदलावा, किंवा मॉनिटरच्या मेनूतून रंग ऊबदार करावा.

काही कॅमेऱ्यांत शटरचा आकडा दशांशात बदलता येतो. त्याला कंपनीनुसार क्लिअर स्कॅन, सिंक्रो स्कॅन अशी नावं आहेत. ही सोय काचेच्या जाड नळीच्या जुन्या सीआरटी पडद्यांसाठी होती, कारण तिथे चित्र खरोखरच ओळीओळीने उजळून विझतं. असा पडदा टिपायचा असेल तर पडद्यावरचा काळा किंवा उजळ पट्टा नाहीसा होईपर्यंत तो आकडा हळूहळू फिरवा. एलसीडीसाठी त्याची गरज क्वचितच पडते.

४. मोआरे: शटर विसरा, फोकसकडे पाहा

स्क्रीनवर इंद्रधनुषी लाटा, कमानी किंवा विणल्यासारखी नक्षी दिसते, तो मोआरे. जाळीचे दोन पडदे एकावर एक धरले की तिसरीच नक्षी उमटते, तसंच हे आहे. एक जाळी मॉनिटरच्या पिक्सेलची, दुसरी सेन्सरच्या पिक्सेलची. दोन्हींची वीण जवळपास सारख्या मापाची झाली की लाटा उठतात.

हे मापात पाहू. २४ इंची, १९२० × १०८०चा मॉनिटर घ्या. त्याची रुंदी साधारण ५३१ मिमी, म्हणजे एक पिक्सेल ०.२७७ मिमीचा. फुल फ्रेम कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, ३८४० पिक्सेल रुंदीचं ४के चित्रण, मॉनिटर १.२ मीटरवर. या अंतरावर फ्रेममध्ये साधारण १२३४ मिमी रुंदी मावते. म्हणजे चित्रातला एक पिक्सेल मॉनिटरवरच्या ०.३२ मिमी इतका भाग झाकतो. मॉनिटर फ्रेमच्या दोन-पंचमांशांहून थोडी जास्त जागा घेतो, माणूस शेजारी नीट बसतो, मांडणी सुंदर. आणि दोन्ही जाळ्यांची मापं जवळजवळ सारखी. म्हणजे माणूस आणि मॉनिटर एकत्र दाखवण्याची सगळ्यात स्वाभाविक चौकटच मोआरेसाठी अत्यंत वाईट आहे.

मॉनिटरच्या एका पिक्सेलमागे कॅमेऱ्याचे साधारण १ ते ३ पिक्सेल पडत असतील तर तो धोक्याचा पट्टा समजा. सेन्सरवर लाल आणि निळे पिक्सेल एकाआड एक असतात, म्हणून २च्या आसपास रंगीत लाटा विशेष जोर धरतात. जवळ जाऊन ४च्या पुढे गेलात तर मॉनिटरचे पिक्सेल वेगवेगळे टिपले जातात. पण तेच चित्रण नंतर छोट्या आकारात पाहिलं की लहान करताना जाळी पुन्हा अडकते आणि मोआरे उगवतो. म्हणून जवळून टिपलेलंही पूर्ण सुरक्षित मानू नका.

कॅमेरा थोडा पुढे-मागे करा, थोडा तिरका करा, असे उपाय सांगितले जातात. त्यांनी नक्षी बदलते, कधी नशिबाने जातेही. पण तिरक्या पडद्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अंतर बदलत जातं, त्यामुळे लाटा मधून नाहीशा होऊन कोपऱ्यात निघतात. भरवशाचा उपाय एकच: मॉनिटरच्या पिक्सेलची जाळी सेन्सरपर्यंत पोचण्याआधीच पुसून टाकायची. त्यासाठी फोकस मॉनिटरच्या जरासा पुढे घ्यायचा.

किती पुढे? जाळी पुसायला पडद्यावर साधारण ०.३५ ते ०.४ मिमीचा धूसरपणा पुरतो, म्हणजे सव्वा ते दीड पिक्सेल. वरच्या उदाहरणात ३५ मिमी लेन्स एफ/२.८ वर असेल तर फोकस मॉनिटरच्या सुमारे ४ सेंमी पुढे आणला की तेवढा धूसरपणा मिळतो. एफ/८ वर तोच परिणाम मिळवायला फोकस जवळपास १० सेंमी पुढे आणावा लागतो, म्हणून अ‍ॅपर्चर उघडं ठेवणंच सोयीचं. फोनच्या लेन्सचं उघडं भोक जेमतेम साडेतीन मिमीचं असतं, तिथे सुमारे १२ सेंमी. फोनवर मोआरे घालवणं जड जातं ते यामुळेच.

आता यातला चांगला भाग. बोलणारा माणूस बहुधा मॉनिटरच्या पुढेच बसलेला असतो. फोकस त्याच्या चेहऱ्यावर पक्का केला की वरची अट आपोआप पूर्ण होते. चेहरा ठसठशीत, स्क्रीन किंचित मऊ. फक्त तो मॉनिटरच्या फार पुढे नको, नाहीतर अक्षरं वाचताच येणार नाहीत. चेहरा १०-१५ सेंमी पुढे असेल तर एफ/४ किंवा एफ/५.६ बरं पडतं.

वाचता येण्याची दुसरी बाजू स्क्रीनवरून सांभाळा. ब्राउझरमध्ये किंवा तुमच्या प्रोग्राममध्ये झूम १५० ते २०० टक्के करा. नेहमीच्या आकारात अक्षराची रेघ एक-दोन पिक्सेलची असते आणि दीड पिक्सेलच्या धूसरपणात ती विरघळते. रेघ तीन-चार पिक्सेलची झाली की अक्षर टिकतं, जाळी जाते. एक पिक्सेल जाडीच्या बारीक रेघा, ठिपक्यांच्या पार्श्वभूमी, गिचमीड तक्ते स्क्रीनवर ठेवू नका. त्यांचा मोआरे जाळीच्या मोआरेहून वेगळा असतो आणि इतक्याशा धूसरपणाला दाद देत नाही.

कॅमेऱ्यातली शार्पनिंगची सेटिंग किमान पातळीवर आणा. लेन्ससमोर लावायचे धूसर करणारे डिफ्यूजन फिल्टर मिळतात. ते उजळ स्क्रीनभोवती प्रभा पसरवतात, जी मला तरी आवडत नाही. त्यातून चेहराही मऊ होतो, म्हणून मी फोकसच वापरतो.

एक फसवा प्रकार ओळखून ठेवा. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर मोआरे दिसतो, पण चित्रणात तो नसतो, किंवा नेमकं उलट. ती छोटी स्क्रीन चित्र लहान करून दाखवते आणि स्वतःचाच मोआरे तयार करते. खात्री करायची तर चित्र एकास एक मोठं करून पाहा.

५. प्रतिबिंबं: पडदा काळा करून शोधा

चालू स्क्रीनवर प्रतिबिंबं नीट दिसत नाहीत आणि चित्रण संपल्यावर गडद भागात खिडकी, दिवा, पांढरा शर्ट असे सगळे पाहुणे दिसतात. म्हणून मॉनिटर बंद करा किंवा पूर्ण काळं चित्र लावा, आणि डोळ्याने नव्हे तर कॅमेऱ्यातून पाहा. डोळा कॅमेऱ्यापासून एक वीत बाजूला असला तरी वेगळंच प्रतिबिंब दिसतं. काळ्या पडद्यात कॅमेऱ्याला जे उजळ दिसतं, तेवढंच हटवायचं. बाकी खोलीला हात लावायची गरज नाही.

पहिला इलाज कोनाचा. मॉनिटर ५ अंश वळवला की प्रतिबिंब १० अंश वळतं. १.२ मीटर अंतरावर त्याचा अर्थ असा की कॅमेऱ्याला दिसणारी जागा २० सेंमीहून थोडी जास्त सरकते. छताचा दिवा दिसत असेल तर मॉनिटर किंचित खाली झुकवा, मागची खिडकी दिसत असेल तर थोडा वळवा. एवढ्याशाने बरंचसं काम होतं. वळवल्यानंतर फोकस पुन्हा तपासा.

चेहऱ्याचा दिवा बाजूने, मॉनिटरच्या पातळीच्या थोडा मागे ठेवा, म्हणजे त्याचा उजेड पडद्याच्या काचेवर पडतच नाही. जागा नसेल तर दिवा आणि पडदा यांच्या मधे काळा पुठ्ठा उभा करा. चेहऱ्यावर उजेड राहील, काचेवर सावली पडेल.

सरळ समोरून टिपत असाल तर कॅमेरा आणि तुम्ही स्वतः पडद्यात दिसणारच. तिथे कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड ताणा. कापडाला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर काढली तर उत्तमच.

खरखरीत, न चकाकणाऱ्या पडद्यावर प्रतिबिंब आकारात दिसत नाही, पण त्याचा उजेड सगळीकडे पसरून काळा रंग राखाडी होतो. लोक त्याला एक्स्पोजरची चूक समजून आकडे फिरवत बसतात. ओळखायचं कसं? पुठ्ठ्याने दिवा क्षणभर झाका. काळा रंग लगेच गडद झाला तर दोष दिव्याचा.

पोलरायझर फिल्टरबद्दल जरा सावध राहा. काचेवरचं प्रतिबिंब पडद्याच्या लंबापासून साधारण ५५ अंश तिरकं असेल तेव्हाच तो नीट काम करतो. समोरून टिपताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय एलसीडीमधून निघणारा प्रकाश स्वतःच ध्रुवीकृत असतो, त्यामुळे फिल्टर फिरवताना एका कोनात अख्खी स्क्रीन काळी पडते. तिरक्या कोनातून टिपत असाल आणि फिल्टर असेलच, तर फिरवून पाहा. प्रतिबिंब जातं आणि स्क्रीन उजळ राहते असा कोन कधी सापडतो, कधी नाही. तो प्रत्येक मॉनिटरला वेगळा असतो.

बोलणाऱ्याला चष्मा असेल तर काचांवर स्क्रीनचे निळसर चौकोन दिसतात. चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित वर उचलायला सांगा, काचा खाली झुकतील. स्क्रीनची पार्श्वभूमी करडी केलेली असेल तर ते चौकोनही आपोआप फिके पडलेले असतात.

६. तीस सेकंदांची चाचणी

सगळं लावून झाल्यावर एक चाचणी चित्रण करा, आणि ते किमान ३० सेकंदांचं असू द्या. पाच सेकंद पाहून समाधान मानणं हा शेवटचा सापळा. बऱ्याच कॅमेऱ्यांवर ३० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ते २९.९७ असतं. मॉनिटर पूर्ण ६०वर असेल तर दोघांतला फरक इतका सूक्ष्म असतो की पट्टा जागचा हलत नाहीसा वाटतो आणि चौकटीतून एक फेरी पुरी करायला त्याला १६-१७ सेकंद लागतात. छोट्या चाचणीत तो कडेला लपलेला असू शकतो.

चाचणीत दहा सेकंद करडं पान, दहा सेकंद नेहमीचा मजकूर आणि दहा सेकंद काळं पान ठेवा. करड्यावर पट्टे सगळ्यात आधी उघडे पडतात, मजकुरावर मोआरे, काळ्यावर प्रतिबिंबं. मग ती फाइल दुसऱ्या संगणकावर मूळ आकारात पाहा आणि नंतर ज्या आकारात लोक पाहणार आहेत त्यात. मोठ्या आकारात स्वच्छ आणि लहान आकारात लाटा, असं दिसलं तर फोकस आणखी एक-दोन सेंमी पुढे घ्या. पट्टा हळू सरकताना दिसला तर मॉनिटरचा रेट खरोखर बदलला आहे का ते पाहा, कारण केबल काढून पुन्हा लावली किंवा संगणक झोपेतून उठला की तो कधीकधी मुकाट्याने ६०वर परत जातो. तो ५०वर असूनही पट्टा दिसत असेल तर ब्राइटनेस १०० आहे ना, हे बघा.

सगळं जमलं की अंतर, फोकसचं माप, अ‍ॅपर्चर आणि रिफ्रेश रेट एका कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा, आणि टेबलावर ट्रायपॉडच्या पायांच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा करा.